माप हाताचे, आवरण जमिनीचे

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरी एक बास्केटबॉल आला आणि संक्रांतीच्या हलव्याचा डबा रिकामा होण्यापूर्वीच तो माळ्यावर जाऊन पडला. चेंडू हलक्या प्रतीचा होता असे मुळीच नाही. दुकानातील सर्वांत भारी चेंडू तोच होता. अस्सल चामड्याचा, सात क्रमांकाचा, हातात घेताच नव्या चपलेसारखा वास येणारा. घरातील चौदा वर्षांच्या मुलीची शाळेच्या संघात नुकतीच निवड झाली होती. द्यावयाचे तर चांगले तेच द्यावे, या सरळ हिशेबाने आम्ही तो घेतला. दुकानदारानेही "मोठे खेळाडू याच चेंडूने खेळतात," असे सांगून आमच्या निवडीवर शिक्कामोर्तब केले. तो खोटे बोलला नाही. फक्त खेळणार कोण आणि कोठे, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

आमच्या वसाहतीतील कोर्ट म्हणजे सिमेंटचा एक जुना चौथरा. वरचा गिलावा केव्हाच झिजून गेलेला, खालची खडी ठिकठिकाणी वर डोकावणारी आणि सभोवार मुरूम. अडीच महिन्यांत त्या चामडी चेंडूच्या अंगावर तूस उठले, तांबूस रंग जाऊन राखी कळा आली आणि पौषातल्या मावठ्यात तो एक रात्रभर बाहेर राहिल्याने असा फुगला की टप्पा दिल्यावर सरळ वर येण्याऐवजी डावीकडे पळू लागला. याहून वाईट गोष्ट मुलीच्या बाबतीत घडत होती. चेंडू कड्यापर्यंत पोहोचावा म्हणून ती तो कमरेपासून दोन्ही हातांनी ढकलू लागली होती. एकदा झेल घेताना तिचा अंगठा मागे वळला व पंधरा दिवस पट्टी बांधून बसावे लागले. एके दिवशी ती जेवताना शांतपणे म्हणाली, "मला हा खेळ जमत नाही. मी संघातून नाव काढून घेते."

शाळेतील प्रशिक्षक सरांना भेटावयास गेलो तेव्हा चेंडूही बरोबर नेला. त्यांनी तो दोन्ही हातांत फिरवला आणि विचारले, "हा कोणासाठी घेतलात? तिच्यासाठी, की तिच्या वडिलांसाठी?" आम्ही निरुत्तर झालो. मग ते म्हणाले, "तुमच्या दोन चुका झाल्या आहेत आणि त्या दोन्ही वेगवेगळ्या आहेत. चेंडूचे माप हात ठरवतो. त्याचे आवरण जमीन ठरवते. किंमत यांपैकी काहीच ठरवत नाही." त्या दिवसापासून आम्ही या विषयात जे शिकलो ते वाचकांपुढे मांडावे असे वाटले, कारण आमच्यासारखीच खरेदी करणारी घरे आणखीही असणार.

प्रथम मापाचे पाहू. बास्केटबॉलवर झडपेच्या जवळपास एक आकडा छापलेला असतो. घरगुती खरेदीत आपला संबंध सात, सहा व पाच या तीन आकड्यांशी येतो. सात क्रमांकाचा चेंडू प्रौढ पुरुषांचा. त्याचा घेर साधारण ७५ ते ७७ सेंटिमीटर व वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. सहा क्रमांकाचा चेंडू स्त्रियांचा व मोठ्या मुलींचा. त्याचा घेर ७२ ते ७३ सेंटिमीटर, वजन सुमारे ५१० ते ५५० ग्रॅम. पाच क्रमांकाचा चेंडू बारा वर्षांखालील मुलामुलींचा. त्याचा घेर ७० सेंटिमीटरच्या आसपास व वजन पाचशे ग्रॅमच्या आत. लहानांच्या खेळात कडेही जमिनीपासून ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटर उंचीवर बांधतात.

सात व सहा यांच्या घेरात तीन-चार सेंटिमीटरचाच फरक आहे. व्यासात पाहिले तर तो जेमतेम एक सेंटिमीटर भरतो. एवढ्याने काय होते, असे आम्हांसही वाटले होते. परंतु बास्केटबॉलमधील फेक ही दंडाची नसून मनगटाची असते. चेंडू एका हाताच्या बोटांवर पेलावयाचा, दुसऱ्या हाताने केवळ बाजूने आधार द्यावयाचा आणि शेवटी मनगट पुढे मोडून बोटांच्या टोकांनी तो सोडावयाचा, ही तिची रीत. बोटे चेंडूच्या मध्यापर्यंत पोहोचली नाहीत आणि वर सत्तर-ऐंशी ग्रॅमचा जादा भार पडला, तर तोल सांभाळण्यासाठी दुसरा हातही ढकलू लागतो, फेक छातीवर उतरते व पुढे कमरेवर. मूल त्या चेंडूने शेकडो वेळा सराव करते आणि चुकीची रीतच अंगवळणी पडते. "मोठ्या चेंडूने शिकली की लहान चेंडू सोपा जाईल," हा तर्क कपड्यांच्या बाबतीत ठीक आहे. वाढत्या अंगाचा परकर दोन वर्षे पुरतो. चेंडूच्या बाबतीत तो उलटा पडतो.

स्त्रियांसाठी वेगळा चेंडू हीदेखील काही फार जुनी गोष्ट नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींच्या स्पर्धांत तो १९८४ च्या हंगामापासून आला आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत २००४ मध्ये. त्यापूर्वी शिकलेल्या आपल्याकडील अनेक मावश्या-आत्या सात क्रमांकाच्याच चेंडूने खेळल्या. त्यामुळे "आम्ही नाही का खेळलो" असे घरात ऐकू आले तर त्यात नवल नाही. परंतु आज मुलीला सामन्यात जो चेंडू मिळणार तो सहा क्रमांकाचा आहे आणि सराव त्याच मापावर झाला पाहिजे. बारा ते चौदा वर्षांच्या मुलग्यांबाबत मात्र स्पर्धेगणिक नियम बदलतो. कोठे सहा, तर कोठे सात. तेथे शाळेत विचारल्यावाचून खरेदी करू नये.

येथे एक फसगत सांगून ठेवतो. हल्ली तीन विरुद्ध तीन असा, एकाच कड्यावर खेळावयाचा बास्केटबॉल लोकप्रिय झाला आहे. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. त्या खेळाच्या चेंडूचे माप सहाचे, पण वजन सातचे असते. पुष्कळदा तो मोकळ्या मैदानात खेळला जात असल्याने दुकानात तो "बाहेरचा, सहा नंबर" म्हणून समोर येतो. मुलीच्या नेहमीच्या सरावासाठी तो घेतला की माप साधले तरी वजन चुकले. म्हणून आकड्यावर विसंबू नये. शिंप्याची फीत चेंडूच्या मध्यावरून गुंडाळून घेर पाहावा आणि शक्य तर वजनही करून घ्यावे.

आता आवरण. चेंडूच्या पोटात हवा धरणारा रबरी फुगा असतो. त्याला ब्लॅडर म्हणतात. त्याच्याभोवती नायलॉनच्या दोऱ्याचे वेटोळे आणि त्यावर रबराचा थर असतो. हा थर चेंडूचा गोल आकार राखतो. सर्वांत वर जे असते ते आवरण. ते तीन प्रकारचे: साच्यात ओतलेले रबर, कृत्रिम चामडे आणि खरे चामडे. दुकानात कृत्रिम चामड्याला "कंपोझिट" किंवा "सिंथेटिक लेदर" म्हणतात. त्या नावात चामडे असले तरी वस्तूत नसते. ते प्लास्टिकच्या जातीचे असते, हे ध्यानात ठेवावे.

खऱ्या चामड्याचा गुण कोणता, तर ते घाम पिते. कोरडे व नवे असताना ते थोडे निसरडेच असते, पण खेळता खेळता हाताचा ओलावा आत मुरतो आणि पकड वाढत जाते. या गुणाचे महत्त्व अमेरिकेतील व्यावसायिक लीगला २००६ साली चांगलेच कळले. त्या वर्षीच्या हंगामासाठी लीगने चामडी चेंडू बाजूस सारून सूक्ष्म धाग्यांच्या कृत्रिम चामड्याचा नवा चेंडू आणला. तो नवा असतानाच हातात छान बसे. पण खेळाडूंच्या तक्रारी सुरू झाल्या: घामाने तो निसटतो आणि बोटांच्या टोकांना बारीक चिरा पडतात. टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन येथील भौतिकशास्त्रज्ञांनी दोन्ही चेंडू तपासले तेव्हा कोरड्या स्थितीत कृत्रिम चेंडूची पकड अधिक, तर ओल्या स्थितीत चामडी चेंडूची अधिक, असे आढळले. हंगाम अर्धाही झाला नव्हता, तोच १ जानेवारी २००७ पासून लीग पुन्हा चामड्याकडे वळली.

मात्र जो गुण छपराखाली चामड्याला वर चढवतो, तोच उघड्यावर त्याचा घात करतो. घाम पिणारी वस्तू पाणीही पिते आणि पाण्याबरोबर धूळही. ओले चामडे जड होते, ताणले जाते व वाळताना सर्वत्र सारखे आकसत नाही. आमचा चेंडू डावीकडे पळू लागला तो यामुळेच. शिवाय झिजलेले सिमेंट म्हणजे एक मोठा सँडपेपर. प्रत्येक टप्प्याला तो चामड्याचा वरचा थर खरवडतो. त्या थरावर बारीक दाणे उठवलेले असतात आणि पकड पुष्कळशी त्यांच्यावर अवलंबून असते. ते गेले की राहते केवळ तूस. यावर तेल, पॉलिश वा मेण यांचा उपाय नाही. आम्ही चपलेचे पॉलिश लावून पाहिले. मुलीचे हात मात्र तांबडे झाले.

रबराचे सारे याच्या उलट. ते घाम पीत नाही, त्यामुळे दमट दिवसांत हातातून निसटते. बोटांना ते कडक लागते व टप्पा थोडा तडतडीत येतो. परंतु ते खडीवर टिकते, पावसाने बिघडत नाही आणि धुळीने माखले तर ओल्या फडक्याने पुसून पाच मिनिटांत पुन्हा खेळावयास घेता येते. साच्यातून निघत असल्याने त्यावरील खाचाही अंगच्याच असतात; बोटांना धरावयास त्या खोल असलेल्या बऱ्या.

कृत्रिम चामडे या दोहोंच्या मध्ये बसते. त्याचे तुकडे रबरी अंगावर चिकटवलेले असतात. खाचेच्या कडेवरून नख फिरवले तर तुकड्याचा काठ जाणवतो. रबरी चेंडूत असा काठ नसतो. घरी आणल्यावर आवरण ओळखण्याची हीच सोपी खूण. लाकडी तक्तपोशीच्या हॉलात हा चेंडू उत्तम. गुळगुळीत सिमेंटवर तो बरे दिवस काढतो. ज्यावर "आत-बाहेर दोन्हीकडे" असे लिहिलेले असते तो बहुधा याच जातीचा, थोड्या जाड आवरणाचा चेंडू असतो. पण खडी वर आलेल्या कोर्टावर आधी त्या काठांना मार बसतो, काठ उचलले जातात आणि मग आत धूळ शिरून तुकडा सुटू लागतो. "दोन्हीकडे" या शब्दात गुळगुळीत सिमेंट येते. आमच्या वसाहतीतला चौथरा येत नाही.

तेव्हा आपली जमीन कोणत्या जातीची हे आधी पाहावे. सरांनी सांगितलेली परीक्षा अगदी घरगुती आहे. कोर्टावर तळहात टेकवून हलकेच एक वीत ओढावा. कातडीला नुसती धूळ लागली तर कृत्रिम चामडे चालेल. कातडी खरचटेल अशी भीती वाटून हात आपोआप उचलला गेला तर रबरच घ्यावे.

आमच्या घरचा हिशेब असा झाला. मुलगी आठवड्यातून पाच संध्याकाळी वसाहतीच्या चौथऱ्यावर खेळते; शनिवारी शाळेचा संघ शहरातील एका बंदिस्त हॉलात सराव करतो आणि सामनेही तेथेच होतात. इंदुरात रेसकोर्स रस्त्यावरील बास्केटबॉल कॉम्प्लेक्ससारखी छपराखालची कोर्टे असल्याने पुष्कळ मुलांचा खेळ असा दोन जमिनींवर विभागलेला असतो. एकच चेंडू दोन्हीकडे न्यावा असा मोह होतो. त्यातील अडचण केवळ झिजेची नाही. बाहेरच्या चेंडूच्या दाण्यांत अडकलेली वाळू हॉलाच्या लाकडावर ओरखडे काढते व जमीन निसरडी करते. हॉलाचा रखवालदार असा चेंडू दारातच अडवतो, ते योग्यच आहे. म्हणून मुलीसाठी सहा क्रमांकाचे दोन चेंडू घेतले: चौथऱ्यासाठी रबरी, हॉलासाठी कृत्रिम चामड्याचा. माप एकच असल्याने हात गोंधळत नाही. बदलतो तो फक्त स्पर्श. आणि सामन्याचा स्पर्श अनोळखी राहू नये, म्हणून सामन्यापूर्वीचे दोन-तीन सराव ती हॉलाच्याच चेंडूने करते. तिचा नऊ वर्षांचा भाऊ ताईच्या चेंडूवर डोळा ठेवून होता. त्याला पाच क्रमांकाचा रबरी घेऊन दिला. तिन्ही चेंडू मिळून त्या एका चामडी चेंडूच्या किमतीच्या आतच बसले.

दुकानात चेंडू पारखावा कसा, तेही सांगतो. हवा भरून घेतल्यावाचून चेंडू विकत घेऊ नये. भरलेला चेंडू वर उडवताना त्याला गिरकी द्यावी व खाचांकडे पाहावे. चेंडू गोल असेल तर तो स्थिर फिरतो; डगमगत फिरला तर कोठेतरी फुगवटा आहे किंवा झडपेच्या बाजूला वजन अधिक आहे. मग दोन्ही हातांत धरून खाचा चाचपाव्यात. खोली सगळीकडे सारखी लागली पाहिजे. घरी आणल्यावर रात्रभर तसाच ठेवून सकाळी दाबून पाहावा. नरम लागला तर झडपेवर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर पावती घेऊन त्याच दिवशी दुकान गाठावे.

हवेची एक जुनी कसोटी घरच्या घरी करता येते. भिंतीवर १८० सेंटिमीटरवर एक खूण करावी व खाली १२० आणि १४० वर दोन खुणा कराव्यात. चेंडूचा तळ वरच्या खुणेशी धरून तो नुसता सोडावा, फेकू नये. उसळून आल्यावर चेंडूचा माथा खालच्या दोन खुणांच्या दरम्यान आला तर हवा योग्य. ही परीक्षा ज्या जमिनीवर खेळावयाचे तेथेच करावी, कारण मुरुमावर टप्पा मुळातच कमी येतो. मात्र मुरुमावरचा टप्पा वाढावा म्हणून हवा ठासून भरू नये. झडपेजवळ दाबाचे आकडे छापलेले असतात. बहुधा ते सात ते नऊ पौंडांच्या दरम्यान असतात. त्यापलीकडे भरले की आतील वेटोळे ताणले जाऊन चेंडू कायमचा अंडाकृती होतो.

आपल्या माळव्याच्या हवेत हे विशेष सांभाळावे लागते. तीस अंशांच्या दुपारी आठ पौंड हवा भरलेला चेंडू पौषातील दहा अंशांच्या पहाटे साडेसहाच्या आसपास उतरलेला असतो. मुले त्याला पंक्चर समजून पुन्हा हवा भरतात. आणि तोच चेंडू उन्हात तापला की दाब दहाच्या वर जातो. पहाटे भरलेली हवा म्हणूनच दुपारी पुन्हा तपासावी आणि चेंडू उन्हात, सायकलच्या कॅरियरवर किंवा गच्चीत ठेवू नये. उन्हाने रबरही कडक होऊन तडकते. पंपाची सुई झडपेत घालण्यापूर्वी तिला ग्लिसरीनचा थेंब लावावा. कोरडी सुई खुपसल्याने झडपेचे रबर फाटते आणि मग चांगला चेंडू हवा धरेनासा होतो.

रबरी चेंडूही अमर नाही. महिन्यातून एकदा त्याच्या दाण्यांवरून अंगठा फिरवावा. प्रथम खाचेच्या अगदी काठाशी, मग तुकड्याच्या मधोमध. काठाचे दाणे आडोशाला असल्याने उशिरा झिजतात. मधले सपाट व चकचकीत झाले असतील तर चेंडूची पकड गेली असे समजावे. असा चेंडू फेकण्याच्या सरावाला देऊ नये. बोटांतून तो निसटतो म्हणून मूल त्याला तळहातावर धरू लागते आणि पुन्हा तीच वाईट सवय जडते. टप्पे देत पळण्याच्या सरावाला तो आणखी वर्षभर चालेल.

मुलीच्या फेकीला पूर्वपदावर यावयास दीड महिना लागला. सरांनी तिला पहिले दोन आठवडे कड्यापासून दोन पावलांवरच उभे केले आणि एका हाताने, दुसरा हात पाठीमागे ठेवून, चेंडू सोडावयास लावले. सहा क्रमांकाचा चेंडू तिच्या बोटांवर थांबला. सातचा तसा कधी थांबलाच नव्हता. नाव काढून घेण्याची गोष्ट पुन्हा जेवणाच्या पानावर निघाली नाही.

चामडी चेंडू अजून माळ्यावर आहे. परवा साफसफाईत तो खाली आला तेव्हा धाकट्याने तो उचलून पाहिला व "हा केवढा जड आहे" म्हणून परत ठेवून दिला. जी गोष्ट आम्हांला दुकानात कळली नाही, ती त्याच्या हातांना क्षणात कळली.